घट्ट चालेल, सैल चालेल, पण

दर शनिवारी चारला आमच्या मालवणच्या घराच्या पडवीत क्रोशेवाल्या जमतात. या वेळी तिघी नवीन आल्या, तर सगळ्यांनी मलाच पुढे केलं, तूच दोन शब्द बोल म्हणून. मी काय बोलणार! या, बसा, लोकर नको कॉटनचा दोरा आणा, आपल्याकडे लोकर घालण्याएवढी थंडी पडते कधी, इथपर्यंत आलं आणि मग मी आत जाऊन माझा पहिला गोल रुमाल घेऊन आले.

टेबलावर पसरला तर कडा उठलेली, नुसत्या लाटा. एका वैनीने लगेच खांब, म्हणजे उभे टाके, मोजले. पहिल्या फेरीत 12, मग 24, मग 36, दर फेरीला बारा वाढलेले, म्हणजे हिशोब बरोबर. मग बिघडलं कुठे? तर पहिल्या चार-पाच फेऱ्या मी घाबरत घाबरत, दोरा आवळून विणल्या होत्या आणि पुढच्या फेऱ्या जावेशी गप्पा मारत, हात एकदम सैल. आतले खांब बुटके, त्यामुळे गोल लहानच राहिला, बाहेरचे मात्र रुंद, मग त्या कडेला एवढी जागा आहे कुठे, ती वरखाली होणारच. उलट केलं, आधी सैल आणि नंतर घट्ट, तर रुमालाची करवंटी होते. तीही माझ्याकडे आहे, पण ती दाखवली नाही.

"मग सैलच विणायचं का?" असं एकीने विचारलं. तसं नाही गो. सगळंच घट्ट येत असेल तर जाड सुई घ्या, सगळंच सैल असेल तर बारीक, काम होतं. पण अर्धं असं न् अर्धं तसं असेल तर त्याला कुठलीच सुई उपयोगाची नाही, उसवायचं.

नव्यांपैकी एकजण इथल्याच दांडीची, माहेरी मासे पकडायची जाळी विणणारे. ती म्हणाली, "आमच्याकडे जाळा विणताना हातात पट्टी धरतत, तुमची पट्टी खंय?" पट्टीवर दोरा घेऊन गाठ मारली की प्रत्येक भोक सारखं. इतकं नेमकं मला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं! आमची पट्टी म्हणजे सुईचा जाड भाग. टोकाजवळच्या बारीक मानेवर टाका घेतला की तो आवळतो, म्हणून प्रत्येक टाका मागे जाड भागापर्यंत सरकवायचा. दोरा करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्यायचा, बोटांतून तो सारखा सरकत राहिला पाहिजे. मे महिन्यात घामाने तो बोटाला चिकटतो, सरकत नाही आणि टाके आपोआप घट्ट होतात, अशा वेळी हात पुसा, तरी नाही जमलं तर करंगळीचा वेढा काढून टाका.

मग सगळ्यांनी वीस-वीस साखळ्या घातल्या, जाळीवालीच्या सगळ्यात सारख्या. चहा आला, वैनीने ट्रे माझ्या रुमालावरच ठेवला. कडा तरी उठलेलीच.