तीन वाजताची सावली

फोन आला तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. "डॉक्टर, एक गाभण डुकरीण आडवी पडलीय. उठवली तरी उठत नाही, तोंड उघडं टाकून श्वास घेतेय." मी गाडी काढता काढताच सांगितलं, की तिला उठवू नका, कुठे न्यायचा प्रयत्नही करू नका. आहे तिथेच तिच्यावर ताडपत्री धरा.

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापा टाकणं आणि अंग ओलं करून घेणं, हेच दोन मुख्य उपाय. अशा जनावराला उन्हात चार पावलं चालायला लावलं, तर स्नायूंतून आणखी उष्णता तयार होते आणि ते वाटेतच जाऊ शकतं. मदत करायच्या घाईत हे घडताना मी पाहिलंय.

पोचलो तेव्हा दोघांनी ताडपत्री डोक्यावर धरली होती. पांढऱ्या कातडीची, पहिलटकरीण मादी होती, व्यायला तीन आठवडे बाकी. पंधरा सेकंदांत तिचे श्वास मोजले, चौतीस भरले. म्हणजे मिनिटाला 136. निवांत पडलेल्या मोठ्या डुकराचे वीस ते तीस असतात. थर्मामीटर लावला, 41.8 आला. साधारण 39 च्या आसपास हवा.

पाण्याची नळी आणली, पण ती सकाळपासून उन्हात पडलेली. पहिलं पाणी हाताला चटका देणारं आलं. ते बाजूला सोडून दिलं, थंडसर पाणी आल्यावर आधी जमिनीवर, मग मागच्या पायांवर, पोटाखाली आणि शेवटी मानेवर, कानांवर धरलं. कुणीतरी बर्फ आणायला निघालं होतं, त्याला थांबवलं. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मग आतली उष्णता आतच अडकते, शिवाय धक्का बसतो तो वेगळाच. त्याऐवजी वायर लांबवून पंखा लावला. ओल्या अंगावर वारा लागला की पाणी लवकर उडतं, आणि उडणारं पाणीच उष्णता नेतं. तोंडात पाणी ओतू दिलं नाही, धापा टाकणाऱ्या जनावराच्या ते फुफ्फुसात जातं. पसरट भांडं तोंडाशी ठेवलं.

दहा दहा मिनिटांनी थर्मामीटर लावत होतो. 41.2, मग 40.4, मग 39.6. तिथे पाणी बंद केलं, कारण ताप त्यानंतरही थोडा उतरतोच. थोड्या वेळाने तिने भांड्यात नाक घातलं. तोवर मी मान वर करून आजूबाजूला पाहिलंच नव्हतं.

वाड्यात बारा माद्या होत्या. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, तीन मीटर उंच छप्पर होतं, म्हणजे दर मादीला दोन चौरस मीटर सावली. लोळायला चिखलाचा खड्डा होता. हे सगळं मीच सांगितलेलं. छपराची जागाही मीच दाखवली होती, पूर्वेच्या कुंपणापासून अर्ध्या मीटरवर, भर दुपारी बारा वाजता उभा राहून. तेव्हा सावली छपराच्या बरोबर खाली होती.

आता ती सरकली होती. उन्हाळ्यात सूर्य बाराला डोक्यावर असेल, तर तीनला तो साधारण 45 अंशांवर उतरतो, आणि तीन मीटर उंच छपराची सावली तीन मीटर पूर्वेला जाते. चार मीटर रुंद सावलीतली दीड मीटरची पट्टी तेवढी कुंपणाच्या आत राहिली होती. बाकीची सावली पलीकडे मोकळ्या जमिनीवर पडलेली, तिथे एकही जनावर नव्हतं. चारला तर सगळीच बाहेर जाणार होती. आतली पट्टी मोठ्या, जुन्या माद्यांनी धरली होती. डुकरांत मानाचा क्रम असतो, आणि पहिलटकरणीला शेवटची जागा मिळते. तिला ती मिळालीच नाही.

खड्डा वाड्याच्या दुसऱ्या टोकाला, पूर्ण उन्हात. सकाळी एकदा भरायचे, दुपारपर्यंत मधे गाळ आणि कडेला भेगा. म्हणजे सावली हवी तर चिखल सोडायचा आणि चिखल हवा तर उन्हात बसायचं. दिवसातली सर्वांत वाईट वेळ नेमकी मी धरलीच नव्हती, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. मादी उभी होती, थोडं खाल्लंही होतं. तिच्या खांद्यावर आदल्या दिवशी वाळलेल्या चिखलाचा थर होता, तो आम्ही पाण्याने धुतला होता. आता तिथे कातडी नेहमीसारखी होती, आणि जिथे चिखल संपला होता तिथून लालबुंद पट्टा सुरू झाला होता. सीमा इतकी स्पष्ट, की बोट फिरवून दाखवता आली. पाठीवर हात ठेवला तर तिने कंबर खाली दाबली. कानांच्या टोकांना बारीक फोड. कोवळ्या पांढऱ्या कातडीची डुकरं उन्हाने अशी भाजतात. पाठ दुखरी झाली की मादी नराला अंगावर चढू देत नाही, म्हणून पैदाशीच्या जनावरात हे दुखणं साधं समजू नये.

चिखल फक्त ऊन अडवत नाही. नुसत्या पाण्याने भिजलेलं अंग पाव तासात वाळतं, चिखलाचं अंग तासाभराहून जास्त ओल धरतं आणि तेवढा वेळ थंडावा देत राहतं. खड्डा उन्हात असला तरी चालेल, पण लोळून उठल्यावर चार पावलांत सावली हवी.

त्याच आठवड्यात कुंपण सहा मीटर पूर्वेला सरकवलं. छपराला हात लावला नाही. ते खाली घेतलं असतं तर सावली कमी सरकली असती, पण तापलेल्या पत्र्याची झळ जवळ आली असती आणि वाराही अडला असता. पत्र्याच्या वर गवताचा थर टाकला. नवा खड्डा दुपारची सावली जिथे संपते तिच्या कडेला खणला, फूटभर खोल, पाणी काढून टाकायला एका बाजूला उतार. पिण्याच्या पाण्यापासून लांब, कारण डुकरं खड्ड्यात घाणही करतात आणि ते पाणी अधूनमधून बदलावंच लागतं. दुपारी बारा आणि तीनला पुन्हा भरायचं ठरवलं. पाण्याची नळी मातीत गाडली.

छपराखाली धुकं उडवणारी बारीक फवारणी आधीपासून होती. पाहिलं तर माद्यांच्या पाठी कोरड्या आणि हवा मात्र चिकट. थेंब कातडीपर्यंत पोचतच नव्हता, नुसता दमटपणा वाढत होता, आणि दमट हवेत धापांनीही फारशी उष्णता जात नाही. ते काढून मोठ्या थेंबांचे स्प्रिंकलर लावले, टायमरवर दोन मिनिटं चालू, पंधरा मिनिटं बंद. बंदच्या वेळातच अंग वाळतं, आणि वाळतानाच गार होतं. सतत चालू ठेवलं तर जमिनीचा राडा होतो आणि पाणी वाया जातं.

त्या मादीने वेळेवर अकरा पिल्लं घातली, त्यातली तीन मेलेली. त्या दुपारच्या उष्णतेनेच गेली असं मी ठामपणे म्हणू शकत नाही, पण मला तीच शंका आहे.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम तीन वाजता गेलो. बाराही माद्या सावलीत पसरलेल्या होत्या. ती पहिलटकरीण खड्ड्यातून उठली, अंगावरून काळा चिखल ठिबकत, आणि चौथ्या पावलाला सावलीत पोचली.