सगळ्यांना तीन

"सगळ्यांना तीनच दिलेत बघा. कुणाला वाईट वाटायला नको."

सांगलीतल्या एका छोट्या हळद पॅकिंग युनिटचे मालक, आमचे काका, मी करून दिलेला कामगारांच्या मूल्यमापनाचा फॉर्म परत देत म्हणाले. माणसं सात, रकाने दहा, सगळीकडे तीन. चूक फॉर्मचीच. 'जबाबदारीची जाणीव: 1 ते 5' असं विचारल्यावर कुणीही मधलाच आकडा लिहिणार.

तिथंच बसून पान बदललं. आकडे काढले, चारच प्रश्न ठेवले. पहिला: 'गेल्या सहा महिन्यांतला एक प्रसंग लिहा, जिथं यांचं काम उठून दिसलं.'

काका बराच वेळ पेन धरून बसले. मग पाकिटं सील करणाऱ्या मावशींच्या पानावर लिहिलं: 'मशीन नीट तापलं नव्हतं, हे यांनीच ओळखलं. चाळीस पाकिटं परत सील केली.'

सकाळी याच मावशींना तीन होते. हे त्यांना कधी कुणी बोलून दाखवलं असेल का?