दहा रुपये कशाचे?

"पाटी वाचली. पण दहा रुपये कशाचे, ते कुठं लिहिलंय?" मिसळीचे पैसे देताना एका नेहमीच्या काकांनी आज विचारलं.

पाटीवर एवढंच होतं: वाढत्या महागाईमुळे १ तारखेपासून मिसळ ८० ऐवजी ९० रुपये. काकांचं बरोबर आहे. रोज येणाऱ्याला हिशेब कळायला हवा.

तर हिशेब असा. एका प्लेटला दोन पाव लागतात, प्रत्येक पाव एका रुपयाने वाढला, म्हणजे दोन रुपये. फरसाण पन्नास ग्रॅम, किलोमागे चाळीस वाढले, आणखी दोन. तेल तीस मिली, त्याचे नव्वद पैसे. १९ किलोच्या सिलिंडरवर चारशे प्लेटी निघतात, तो दोनशेने वाढला, म्हणजे पन्नास पैसे. दोन पोऱ्यांच्या पगारवाढीचा वाटा दीड रुपया.

बेरीज जेमतेम सात. सत्त्याऐंशीला सुट्ट्यांची रोज ओढाताण होते, म्हणून नव्वद. वरच्या तीन रुपयांपोटी जादा पाव जुन्याच दरात आणि रस्सा पूर्वीसारखाच हवा तेवढा.

तेल कमी करून दर टिकवता आला असता. पण मिरचीचा रंग तेलातच उतरतो. तेल कमी पडलं की तर्री वर येत नाही, कट फिका दिसतो आणि लवकर निवतो. नेहमीच्या माणसाला ते पहिल्याच घासाला कळतं.

आधी घेतलेली कुपनं महिनाअखेरपर्यंत जुन्याच दरात चालतील. उद्या पाटीवर हा सगळा हिशेब लिहितोय. त्यात अजून काय असायला हवं?