आमची वाटचाल : आठच्या आकड्याने बुडवलं, पांढऱ्या रेघेने सावरलं

कंपन्यांचे कर्मचारी खर्चाच्या पावत्यांचे फोटो जोडतात, त्यातल्या संशयास्पद पावत्या तपासून देणं हा आमचा धंदा. सुरुवात आम्ही दोघांनी केली. मी हिशेबातला, आणि माझा भागीदार थर्मल प्रिंटर दुरुस्त करणारा. लोक म्हणायचे, प्रिंटरवाल्याचं इथे काय काम? पण आज आमचं नाव आहे ते त्याच्या त्या ज्ञानामुळे.

पहिल्या वर्षांत काम सोपं होतं. रक्कम वाढवणारा माणूस जुना आकडा पुसायचा आणि फोनवरच्या एखाद्या फॉन्टमध्ये नवा टाइप करायचा. थर्मल प्रिंटरचा आकडा ठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक अक्षराला सारख्याच रुंदीचं घर मिळतं. म्हणून एकच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा दिसते आणि वरच्या ओळीतला सात खालच्या ओळीतल्या सातच्या बरोबर वर येतो. टाइप केलेला आकडा ही घरं पाळत नाही. शिवाय कागद फोटोत किंचित वाकलेला असतो, ओळही त्याच्याबरोबर वाकते, आणि नवा आकडा मात्र सरळ उभा, आजूबाजूच्या करड्या छपाईत एकटाच काळाकुट्ट आणि धारदार कडांचा. असे आकडे आम्ही भराभर पकडत होतो.

मग लोक शहाणे झाले. त्याच पावतीतला आकडा उचलून दुसरीकडे चिकटवायला लागले. फॉन्ट तोच, रंग तोच. त्यावर मी एक नियम बसवला आणि त्याचा मला फार अभिमान होता. कागदावर छापलेले दोन आठ कधीच तंतोतंत सारखे नसतात. कागदाचा पोत, प्रकाश, कॅमेऱ्याची खरखर यांनी प्रत्येक वेगळा होतो. दोन आठ एकावर एक ठेवून डिफरन्स मोड लावायचा. जिथे फरक नाही तिथे काळं दिसतं. सगळंच काळं झालं, तर एक आठ दुसऱ्याची नक्कल आहे.

2012 मध्ये याच नियमाने आमचा घात केला. एका मोठ्या ग्राहकाकडून ऑफिसच्या कॉपिअरवर स्कॅन केलेली काळी-पांढरी पावती आली. रकमेतले दोन आठ ठिपक्यागणिक सारखे निघाले. मी अहवालात ‘बनावट’ असा शब्द लिहिला. त्या कर्मचाऱ्याला घरी बसवलं गेलं. आठवड्याभराने त्याने मूळ कागद आणून टेबलावर ठेवला, त्यावर रक्कम तीच होती. मी त्याची माफी मागायला गेलो, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. ते मी विसरलेलो नाही.

ग्राहक गेला. आमच्याच धंद्यातल्या एकाने, ज्याला पहिली कामं मी मिळवून दिली होती, बाकीच्या ग्राहकांना फोन करून ही गोष्ट मीठमिरची लावून सांगितली. तीन महिन्यांत सहातले पाच ग्राहक त्याच्याकडे गेले. ऑफिसची जागा सोडली, भागीदाराने स्वतःच्या घरातली खोली दिली. एका कंपनीच्या लेखाविभागाच्या प्रमुख मॅडम तेवढ्या थांबल्या. त्या म्हणाल्या, “चूक कशी झाली ते मला लेखी कळवा, तोवर काम चालू ठेवा.” पण कशी झाली ते मलाच ठाऊक नव्हतं.

उत्तर ऑगस्ट 2013 मध्ये मिळालं. डेव्हिड क्रीजेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की काही कॉपिअर स्कॅन करताना आकडेच बदलतात, सहाचा आठ करतात. कारण होतं जेबिग-2 नावाची दाबपद्धत. फाइल लहान व्हावी म्हणून ती सारखी दिसणारी अक्षरं गोळा करते, त्यांचा एकच नमुना साठवते आणि तोच पानभर वापरते. नमुना चुकीचा जुळला तर आकडा बदलतो. नमुना बरोबर जुळला, तरी पानावरचे आठ एकमेकांच्या हुबेहूब नकला होतात! आमच्या पावतीत हेच झालं होतं. आठची नक्कल कॉपिअरने केली होती, त्या बिचाऱ्या माणसाने नाही. त्या रात्री मी मॅडमना चार पानं लिहून पाठवली.

तेव्हापासून नियम बदलला. संशयित दोन आकडेच तेवढे ताडायचे नाहीत, पानावरचे सगळे ताडायचे. सगळेच आठ आणि सगळेच तीन एकसारखे असतील, तर ते काम यंत्राचं. बाकी सगळे वेगवेगळे आणि फक्त दोनच जुळे असतील, तर तिथे हात फिरला आहे.

आणि मग मॅडमकडून ती पावती आली. थर्मल बिलाचा फोनवरून काढलेला फोटो. तीन ओळी : 640.00, मग दोन नग प्रत्येकी 1,910.00 प्रमाणे 3,820.00, आणि 386.00. एकूण 4,846.00. बेरीज जुळते, गुणाकार जुळतो, फॉन्ट एकच. आमच्या त्या प्रतिस्पर्ध्याने ही पावती आधी पाहून ‘ठीक’ म्हणून परत केली होती.

भागीदाराने ती चौपट मोठी केली. मोठं करताना कडा गुळगुळीत करण्याची सोय त्याने बंद ठेवली होती, नाहीतर खुणा पुसल्या जातात. पाहता पाहता तो म्हणाला, “हेडचा एक ठिपका मेलाय.” थर्मल हेडमध्ये एका मिलिमीटरला साधारण आठ तापणारे ठिपके ओळीने असतात. त्यातला एक बंद पडला की कागद सरकेल तशी त्याच जागी बारीक पांढरी रेघ उमटत जाते, वरपासून खालपर्यंत, जिथे जिथे छपाई आहे तिथे. त्याने दुकानाच्या नावातल्या चिरलेल्या अक्षरापासून तळाच्या ओळीतल्या चिरलेल्या अक्षरापर्यंत एक रेषा ओढली. ती रकमांच्या रकान्यात बरोबर हजाराच्या घरातून गेली. त्या घरात दोनच आकडे होते, 3,820 मधला तीन आणि 4,846 मधला पहिला चार. दोन्ही अखंड होते, चीर कुठेच नव्हती.

म्हणजे ते दुसऱ्या घरातून आले होते. शोधलं तर तीन 386 मधला निघाला आणि चार त्याच एकूण रकमेतल्या दशकाच्या घरातला. डिफरन्स मोडमध्ये या दोन जोड्या पूर्ण काळ्या झाल्या, बाकीचे आकडे एकमेकांशी जुळेनात. चिकटवलेला तीन आपल्या घरापासून सातव्या हिश्शाइतका डावीकडे सरकलेलाही होता, पण वाकलेल्या कागदात तेवढ्यावर मी बोट ठेवलं नसतं. दरातला नऊ मात्र कुठून आला ते आम्हाला सापडलं नाही, आणि अहवालात आम्ही तसंच लिहिलं.

यावेळी ‘बनावट’ लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच : ‘हजाराच्या घरातले दोन्ही आकडे छपाईच्या दोषाशी जुळत नाहीत, मूळ कागद किंवा दुकानाकडची नोंद मागवावी.’ दुकानाच्या नोंदीत दोन नग 410.00 दराने होते, एकूण 1,846.00.

त्यानंतर गेलेल्या पाचांपैकी चार ग्राहक परत आले. पुढची वर्षं नीट गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांना एक सांगतो. फोटो कोणत्या वाटेने आला ते आधी विचारा. चॅटमधून आलेला फोटो लहान होऊन, पुन्हा दाबला जाऊन येतो. मग बारीक रेघ दिसत नाही आणि आकड्यांच्या कडाही पसरतात. अशा फोटोवर मत देऊ नका, फोनमधली मूळ फाइल मागवा. स्कॅनर अ‍ॅपमधून सपाट आणि धारदार करून आलेल्या फोटोचंही तेच. आणि एकूण रक्कम मोठ्या अक्षरांत दिसली म्हणून लगेच दचकू नका, पुष्कळ प्रिंटर ती ओळ मुद्दाम दुप्पट आकारात छापतात.

भागीदार आता थकला आहे, पण ऑफिसला येतो. जुन्या प्रिंटरचे सहा हेड त्याने टेबलावर मांडून ठेवले आहेत. प्रत्येकाचा मेलेला ठिपका कुठे आहे ते त्याने चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय, आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी तो त्यातल्या एकावर छापायला बसवतो.