बॅनबरी सराव, पुढची नोंद: दर ५० अक्षरांनंतर ऑड्स बदलताना

संदेशांच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या तयार आहेत, त्यामुळे ही नोंद गुणांकनाबद्दल आहे. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश संदेशफोड केंद्राच्या हट ८ मध्ये जर्मन नौदलाच्या एनिग्मा या सांकेतिक यंत्रावर ॲलन ट्युरिंगने ही पद्धत बसवली. कागद बॅनबरी गावात छापून येत, म्हणून पद्धतीला बॅनबरिस्मस हे नाव पडलं. पुराव्याचं वजन मोजायच्या एककालाही त्यावरूनच ‘बॅन’ म्हणू लागले आणि त्याचा दहावा भाग झाला डेसिबॅन. १० डेसिबॅन मिळाले की ऑड्स, म्हणजे बाजूच्या आणि विरुद्धच्या शक्यतांचं गुणोत्तर, दसपट होतात.

प्रश्न असा आहे. चाकं कुठून सुरू झाली हे सांगणारे, पण स्वतःही सांकेतिक केलेले दोन संदेशांचे संकेत VFG आणि VFX आहेत. पहिली दोन अक्षरं सारखी आहेत, म्हणजे दोन चाकं दोन्ही संदेशांत एकाच जागी होती. तिसरं, वेगाने फिरणारं चाक मात्र वेगळ्या जागेवरून सुरू झालं. ते अंतर किती, हे शोधायचं आहे. मधलं चाक पुढे सरकतं ती खाच धरून मोजलं, तर अंतर −२५ ते +२५ मध्ये कुठेही असू शकतं. शून्य शक्य नाही, कारण तिसरी अक्षरं वेगळी आहेत.

इथे ५० पर्याय आहेत म्हणून प्रत्येकाला १:४९ देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. ते बरोबर नाही. अंतर १ असण्याच्या २५ जोड्या आहेत, अंतर २५ असण्याची फक्त एक. एकूण जोड्या ६५०, आणि अंतर d साठी 26 − |d|. म्हणून आपण तपासणार आहोत त्या +९ ची सुरुवात १७:६३३, म्हणजे साधारण १:३७ अशी होते. डेसिबॅनमध्ये −१५.७.

आता पुरावा. पट्टीवर प्रत्येक अक्षराच्या जागी भोक असतं. एक पट्टी दुसरीवर ठेवून नऊ घरं सरकवली की जिथे दोन्ही भोकं जुळतात तिथून खालचं काळं टेबल दिसतं. अंतर खरं असेल तर दोन्हीकडची जर्मन अक्षरं एकाच वर्णमालेतून गेलेली असतात, आणि ती सुमारे १७ जागांत एकदा जुळतात. अंतर चुकीचं असेल तर २६ जागांत एकदा. म्हणजे एका जुळणीचा लाइकलिहुड रेशो २६/१७, जवळपास १.५३. न जुळणाऱ्या जागेचा (१६/१७) भागिले (२५/२६), म्हणजे ०.९७९.

```python
from math import log10
hit  = 10*log10(26/17)              # +1.845
miss = 10*log10((16/17)/(25/26))    # -0.093
h, n = 6, 50                        # जुळण्या, एकूण जागा
score = hit*h + miss*(n-h)
```

एक न जुळणारी जागा नगण्य वाटते, म्हणून ती सोडून दिली जाते. पण वीस रिकाम्या जागा मिळून एका जुळणीइतकं वजन खातात. नुसत्या जुळण्या मोजणाऱ्याला लांब संदेशात प्रत्येक अंतर खरं वाटू लागतं.

सरावाच्या जोडीत २०० अक्षरांचं आच्छादन आहे. घर ५ मिलिमीटरचं असल्याने ते बरोबर एक मीटर भरतं. एकदम बेरीज न करता दर ५० घरांना थांबून ऑड्स लिहायचे:

पहिल्या ५० घरांत ६ जुळण्या. रेशो सुमारे ५, ऑड्स १:३७ वरून १:७.५.
पुढच्या ५० मध्ये २. रेशो ०.८४, ऑड्स १:८.९.
मग ५. रेशो ३.२, ऑड्स १:२.८.
शेवटी ४. रेशो २.०४, ऑड्स १:१.३६.

एकूण १७ जुळण्या. योगायोगाने आठच्या आसपास अपेक्षित होत्या, खऱ्या अंतराला बाराच्या आसपास. म्हणजे खऱ्या अंतराकडून अपेक्षा असते त्याहूनही जास्त जुळण्या मिळाल्या आणि तरी पारडं अजून समसमानसुद्धा नाही. सतरा हा आकडा पाहून लगेच पुढच्या पायरीवर उडी मारली जाते ती इथेच. पुराव्याने १४ डेसिबॅन कमावले हे खरं, पण सुरुवात पावणेसोळाच्या खड्ड्यातून झाली होती.

मधला दोन जुळण्यांचा तुकडा काळजीचा वाटतो, पण पुढे आकडा परत चढला म्हणून तो निव्वळ चढउतार मानता येतो. प्रत्यक्ष रेडिओवर टिपलेल्या मजकुरात एखादं अक्षर गळालं असेल तर चित्र वेगळं दिसतं: एका जागेपर्यंत चांगल्या जुळण्या, आणि तिथून पुढे प्रत्येक तुकड्यात दोनच. तसं दिसलं तर उरलेली पट्टी एक घर मागेपुढे करून पाहावी. तुकड्यातुकड्याने नोंद ठेवण्याचा मोठा फायदा हाच. शेवटच्या एका बेरजेत हा दोष दिसत नाही.

१:१.३६ हा आकडा अजून पुरा नाही. तो फक्त +९ ची पट्टी पाहून काढला आहे. बाकीची ४९ अंतरं तपासली की तीही पुरावा देतात. प्रत्येक अंतराचं वजन म्हणजे त्याची सुरुवातीची शक्यता गुणिले त्याचा रेशो, आणि ऑड्स म्हणजे एकाचं वजन विरुद्ध इतर सगळ्यांच्या वजनांची बेरीज. +९ चं वजन ०.०२६ × २७.३, म्हणजे ०.७१. बाकी बहुतेक अंतरं ऋण गुणांत गेली आणि त्यांची बेरीज ०.४१ आली, तर +९ चे ऑड्स १.७:१ होतात. पण −३ नेही +१० डेसिबॅन मिळवले असतील तर त्याचं एकट्याचं वजन ०.३५, बाकीची बेरीज ०.७५ वर जाते आणि +९ पुन्हा समसमानच्या खाली येतो. +९ च्या पट्टीवर काहीही बदललेलं नसताना. म्हणून पन्नासही अंतरं तपासल्याशिवाय अंतिम ऑड्स लिहू नयेत.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे लागोपाठच्या जुळण्या. वर प्रत्येक जागा स्वतंत्र धरून रेशो गुणले. भाषेत तसं नसतं: एक अक्षर जुळलं की शेजारचंही जुळण्याची शक्यता वाढते, कारण तेच शब्द, तेच प्रत्यय पुन्हा येतात. म्हणून सलग चार जुळण्यांचं खरं वजन ४ × १.८४५ पेक्षा बरंच जास्त असतं. हट ८ मध्येही सलग जुळण्यांना वेगळे गुण दिले जात. आपल्याला तक्ता असा करावा लागेल: मोठ्या जर्मन मजकुराचे दोन वेगळे भाग एकमेकांवर सरकवायचे, सलग r जुळण्यांच्या धावा मोजायच्या, आणि प्रत्येक जागेमागे त्यांचं प्रमाण (25/26)² × (1/26)ʳ ने भागायचं. मिळालेला रेशो त्या अख्ख्या धावेचा. त्यातली अक्षरं पुन्हा सुटी मोजायची नाहीत, नाहीतर एकच पुरावा दोनदा गुणला जाईल.

रोमन लिपीतली मराठी सिम्युलेटरमध्ये घालून सराव करणाऱ्यांनी १/१७ वापरू नये. त्यात a इतका येतो की जुळण्यांचा दर वेगळा पडतो. आपल्याच मजकुरात प्रत्येक अक्षराची संख्या n मोजून n(n−1) ची बेरीज करा आणि N(N−1) ने भागा. समजा उत्तर १/१३ आलं, तर जुळणी ३.०१ डेसिबॅनची होते आणि रिकामी जागा −०.१८ ची.

पुढच्या टप्प्यात तिसरा संदेश, VFP. G–X अंतर ९ आणि X–P अंतर ४ असेल, तर G–P अंतर १३ असायलाच हवं, आणि ती पट्टी स्वतंत्र पुरावा देते. साखळी लांबली की एनिग्माचा नियमही कामाला येतो: एकही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडत नाही, आणि G चं C होत असेल तर C चं G झालंच पाहिजे. साखळीची जी मांडणी हे मोडते तिचा रेशो शून्य. फक्त टिपलेल्या मजकुरात शून्य लिहू नका, ०.०१ सारखा छोटा आकडा लिहा. संकेतातलं एक अक्षर चुकीचं ऐकलं गेलं असेल, तर शून्याने गुणलेली मांडणी नंतर कितीही चांगल्या पुराव्याने परत वर येत नाही.