काचेतली वाफ गेली, पाणी नाही

"भाऊ, घड्याळाच्या काचेत आतून वाफ धरली होती, पण दोन तासांत आपोआप गेली. आता दुकानात आणायची गरज आहे का?"

आहे, आणि आजच आणा. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं असं नसतं, काच थोडी गरम झाली की तेच पाणी पुन्हा हवेत मिसळून आतच फिरत राहतं, आणि मशीनमधले बरेच भाग स्टीलचे असतात, ते गंजतात.

आमच्या नागपुरात हे जून-जुलैत जास्त दिसतं. बाहेर चिकट गरमी, मग माणूस एसीत शिरतो. घड्याळाची मागची बाजू मनगटाला टेकलेली असल्याने कोमट राहते आणि काच मात्र वरून झपकन थंड होते, म्हणून आतली सगळी ओल काचेवरच जमते. लोक म्हणतात एसीमुळे झालं. एसीने फक्त दाखवलं हो, पाणी आधीच आत होतं.

आता कुणी म्हणेल की हवेतला दमटपणा असेल, त्यात काय. तर हिशोब बघा, ३० अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, आणि घड्याळाच्या आत मोकळी हवा चमचाभरसुद्धा नसते. पावसाळ्यात सेल बदलताना झाकण उघडलं तर तेवढ्या हवेने मधोमध हलकी धुरकट छटा येऊ शकते आणि मिनिटभरात जाते. पण काचभर दवाचे ठिपके दिसले, काटे दिसेनासे झाले, तर ते बाहेरून शिरलेलं पाणीच.

शिरतं कुठून? बहुतेक वेळा चावीतून. चावीच्या आत एक बारकी रबर रिंग असते, घाम आणि साबण लागून लागून ती कडक होते, चिरते. आणि बरेचदा रिंग चांगली असते पण तारीख लावल्यावर चावी आत दाबलेलीच नसते. दुसरी जागा मागचं झाकण, घाईत सेल बदलताना जुनी रिंग चिमटली की तिथून ओल शिरते. काच कुठे आपटली असेल तर कडेने पण येतं. झाकणावर ३० मीटर लिहिलंय म्हणून त्यावर गरम पाण्याची आंघोळ करू नका, तो आकडा प्रयोगशाळेतल्या दाबाचा असतो, ३० मीटर खोल पोहायचा नाही.

मागच्या पावसाळ्यात एक जण ऑटोमॅटिक घेऊन आला, लग्नात सासऱ्याने दिलेलं. सीताबर्डीहून गाडीवर भिजत गेला, ऑफिसात वाफ दिसली, दुपारी गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. असं तीन आठवडे. मी म्हटलं उघडावं लागेल, तर म्हणतो, "चालून राहिलं ना भाऊ, काऊन उघडता?" उघडलं तर चावीची दांडी केशरी झालेली, ओढताना हाताला खरखर लागली, बाजूच्या स्प्रिंगवर गंजाची पावडर, आणि डायलवर ३ च्या आकड्याजवळ रंग फुगून फोड आला होता. त्या पावडरचे कण पुढे तेलात मिसळतात आणि चाकांच्या टोकांवर घासत बसतात. पहिल्याच संध्याकाळी आणलं असतं तर झाकण उघडून, वाळवून, रिंगा बदलून भागलं असतं. आता सगळं मशीन खोलून धुवावं लागलं, दांडी नवीन घातली, स्प्रिंग बदलली, डायलचा डाग तसाच राहिला. सेलवाल्यात अजून लवकर बिघडतं, सेलचे पॉइंट हिरवे पडतात आणि कॉइलची तार केसापेक्षा बारीक असते, ती तुटली की काटे थांबलेच. समुद्राचं पाणी गेलं असेल तर तासांचा हिशोब, मीठ थांबत नाही.

दुकानात येईपर्यंत चावी नीट आत दाबा, आणि परत ओढू-फिरवू नका. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, बंद घड्याळातली ओल तांदूळ बाहेर ओढणार कसा बाप्पा? हेअर ड्रायर आणि ऊन तर नकोच, गरम केलं की पाणी काचेवरून उठून मशीनच्या खोल फटीत जाऊन बसतं.

आणि दुरुस्त करून घेताना कारागिराला थेंबाची टेस्ट करायला सांगा. घड्याळ ४०-४५ अंशाच्या गरम प्लेटवर ठेवायचं, पूर्ण तापलं की काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब सोडायचा, मिनिटभराने पुसायचा आणि आत बघायचं. थेंबाच्या जागी आतून धुरकट ठिपका उमटला तर घड्याळ अजून कोरडं नाही, घरी नेऊ नका. त्या सासऱ्यांच्या घड्याळात पहिल्यांदा उमटलाच होता, चावीच्या नळीत ओल अडकली होती, परत एक दिवस उघडं ठेवलं तेव्हा काच साफ राहिली.