३० अंशाची फळी: मायनस उत्तराने दोन रविवार खाल्ले

मागच्या अपडेटमध्ये २०० ग्रॅमच्या वजनाशी अडकलो होतो ते आठवत असेल. सुटलं एकदाचं, आणि चूक फळीची नव्हती, माझीच होती.

सेटअप तोच, ५०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा, प्लायवुडचा ३० अंशाचा उतार, वरच्या टोकाला पुली, आणि ठोकळ्याची दोरी पुलीवरून पलीकडे घेऊन तिला लटकवलेलं २०० ग्रॅमचं वजन. गणितात मी डोळे झाकून ठोकळा वर जाणार असं धरलं, म्हणून घर्षण खाली लावलं. प्रवेग आला मायनस २.२. म्हटलं चला, म्हणजे खाली जाणार, २.२ ने. आणि ठोकळा? ढिम्म! फळी पुसली, दोरी बदलली, तरी तसाच.

गोची अशी की दिशा उलटली की घर्षणही उलटतं, मग तो मायनसचा आकडा काही कामाचा राहत नाही. आता आधी घर्षण विसरूनच बघतो. ३० अंशावर ठोकळ्याचं अर्धं वजन, म्हणजे २५० ग्रॅम, उताराच्या खालच्या बाजूला ओढतं आणि समोरून २०० ओढतंय, म्हणजे कल खाली, पण फक्त ५० ग्रॅमचा. दोरी काढून फळी हळूहळू उचलली तेव्हा ठोकळा १९ अंशाला सुटला होता, त्यावरून ३० अंशावर स्थिर घर्षण जास्तीत जास्त १५० ग्रॅमपर्यंत धरू शकतं. ५० साठी ते ५०च लावतं, संपूर्ण १५० नाही. हलणार कसा!

मग ४५० ग्रॅम लटकवले. फरक २००, १५० च्या वर, म्हणजे नक्की वर. घसरताना घर्षण १०८ (हलकी टिचकी मारल्यावर १४ अंशाला एकसारखा घसरतो, त्यावरून). उरले ९२, ओढायचं वस्तुमान ९५०, ९२ भागिले ९५० गुणिले ९.८ केलं की प्रवेग ०.९५ येतो. ६० सेंटीमीटरला १.१२ सेकंद लागायला हवेत, मोबाईलच्या स्लो-मोशनमध्ये १.२१ आले. पडद्याच्या दांडीची प्लास्टिक पुली काढून स्केटचं बेअरिंग बसवलं आणि १.१४!! पुलीत पैसे वाचवू नका, मी सांगतोय. आणि दोरी उताराला समांतर आहे ना ते बघा, तिरकी वर ओढली गेली की ठोकळ्याचा फळीवरचा दाब कमी होतो आणि घर्षणाचा हिशोब बोंबलतो.

पुढे कोन बदलणार होतो, पण हे टाइप करतानाच सुचलं की ३८० ग्रॅमला फरक १३० येतो, म्हणजे १०८ आणि १५० च्या मधे. नुसता ठेवला तर थांबेल, वर टिचकी मारली तर वेग घेत जाईल, साधारण ०.२५ ने. आत्ताच उठून लावलं. पहिल्या टिचकीला गेला, दुसऱ्यांदा मधेच अडकला, तिथे प्लायवुडला गाठ आहे. कोन राहू दे, आधी पॉलिश पेपर.